कच्चे केळे, वाटीभर वरण आणि रक्तातले पोटॅशियम

मूत्रपिंडाच्या रुग्णाला दवाखान्यातून जो आहारतक्ता मिळतो, त्यात वर्ज्य पदार्थांच्या यादीत बहुधा सर्वांत वर बटाटा आणि रताळे असते. जैन घरात हा तक्ता वाचला की मनाला एक प्रकारचे समाधान वाटते. कारण कंदमुळे आपल्या स्वयंपाकघरात मुळातच येत नाहीत. चाकणची बाजारपेठ कांदा-बटाट्यासाठी ओळखली जाते, आमची दिघी तिच्यापासून काही कोसांवर; पण आमच्या पिशवीत त्यांपैकी काही पडत नाही. सौभाग्यवतींनीही तक्ता वाचून हेच म्हटले. त्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "मग बटाट्याच्या जागी तुम्ही काय घालता?"

उत्तर होते, कच्चे केळे. वड्यात कच्चे केळे, पावभाजीत कच्चे केळे, कटलेटमध्ये कच्चे केळे. आणि कच्च्या केळ्यात पोटॅशियम जवळजवळ बटाट्याइतकेच असते. शंभर ग्रॅमला चारशे मिलिग्रॅमच्या आसपास. कांदा नाही म्हणून रस्सा दाट करण्यासाठी टोमॅटो आटवून घालायचा, आणि पाहुणे आले की काजू व मगज वाटून लावायचे. आटवलेल्या टोमॅटोत पोटॅशियम एकवटते. काजू-मगजात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही असतात. म्हणजे छापील तक्ता आपल्यासाठी चुकीचा नसला, तरी अपुरा असतो. तो ज्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेला असतो, ते आपले नसते. हा लेख त्या अपुऱ्या भागाविषयी आहे.

प्रथम प्रकृतीची हकिगत थोडक्यात सांगतो. सौ.चे वय 63, वजन 58 किलो, रक्तदाब पंधरा वर्षांपासून, मधुमेह नाही. गेल्या वर्षीच्या तपासणीत क्रिएटिनिन 1.3 आले. आकडा पाहून कोणालाही वाटावे की हे किंचितच जास्त आहे. परंतु क्रिएटिनिन हा स्नायूंपासून बनणारा पदार्थ आहे. बारीक अंगकाठीच्या, वयस्कर स्त्रीच्या शरीरात तो मुळात कमी बनतो. म्हणून वय आणि स्त्री-पुरुष भेद लक्षात घेऊन गाळणक्षमतेचा आकडा काढतात. अहवालात तो 'ईजीएफआर' या नावाने असतो. तो निघाला 46. साठच्या खालचा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार समजतात. 45 ते 59 ही तिसऱ्या टप्प्याची पहिली पायरी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, आकडा तेथेच होता.

मात्र आहार बदलण्याचे कारण हा आकडा नव्हता. कारण होते पोटॅशियम. ते 5.6 आले होते. सर्वसाधारण मर्यादा 3.5 ते 5 अशी धरतात. येथे डॉक्टरांनी एक गोष्ट केली, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. आहाराला हात लावण्यापूर्वी त्यांनी रक्त पुन्हा तपासायला सांगितले. रक्त काढताना मूठ फार वेळ आवळली, किंवा नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यास उशीर झाला, तर पेशींतील पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटाच फुगतो. दुसऱ्या वेळी 5.4 आले, म्हणजे वाढ खरी होती. तिला काही त्रास जाणवत होता का? नाही. पोटॅशियम वाढल्याचे बहुधा काहीच कळत नाही. फार वाढले तर स्नायू गळून जातात आणि हृदयाची लय बिघडते, तेव्हा घरगुती उपायांची वेळ टळलेली असते. म्हणून येथे अंगाच्या साक्षीपेक्षा कागदाची साक्ष मोठी मानावी लागते.

रक्तदाबाची जी गोळी ती घेते, त्या जातीच्या गोळ्यांनी पोटॅशियम थोडे वाढते. पण त्याच गोळ्या मूत्रपिंडाचे रक्षणही करतात. डॉक्टरांना गोळी चालू ठेवायची होती, म्हणून ताटात जागा करावी लागली. ज्यांचे पोटॅशियम व्यवस्थित आहे, त्यांनी केवळ क्रिएटिनिन वाढले म्हणून फळे-भाज्या सोडू नयेत, असे आहारतज्ज्ञांनी आम्हांला निक्षून सांगितले. आमच्या ओळखीतील एक गृहस्थ शेजाऱ्याचा तक्ता झेरॉक्स करून वापरत होते, त्यांची आठवण मला तेव्हा झाली. एकाचे पासबुक दुसऱ्याच्या नावावर चालत नाही.

आम्हांला मिळालेल्या मर्यादा अशा होत्या : दिवसाला पोटॅशियम सुमारे 2000 मिलिग्रॅम, फॉस्फरस 800 ते 1000 च्या दरम्यान, मीठ एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत, आणि प्रथिने वजनाच्या किलोमागे 0.8 ग्रॅम. सौ.च्या वजनाला ती 46 ग्रॅम होतात. मूत्रपिंडविकारासंबंधीच्या 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनातही प्रथिनांचे प्रमाण हेच आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आकडे दिसले की वही काढतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली आहेत. त्यांत आपले तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, दुधी सगळे कच्च्या वजनावर दिलेले आहेत. स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा आणला आणि आठ दिवस, सूनबाईंच्या सहकार्याने, जे शिजते ते शिजण्यापूर्वी मोजले. त्यांतून जो दिवस बसला, तो येथे देतो. आकडे ढोबळ आहेत. भाजी कोणत्या जमिनीत पिकली यावरही ते हलतात.

सकाळी नवकारशीनंतर चहा, त्यात पाऊण वाटी गायीचे दूध. न्याहारीला पन्नास ग्रॅम रव्याचा उपमा, त्यात थोडी ढोबळी मिरची, वरून शेंगदाणे नाहीत. येथपर्यंत पोटॅशियम दोनशेच्या थोडे वर जाते. दुपारी दोन फुलके, म्हणजे पन्नास ग्रॅम कणीक, साठ ग्रॅम तांदळाचा भात, पंचवीस ग्रॅम तूरडाळीचे वरण, दुधीची भाजी, आणि अर्धी वाटी दही. या जेवणाचे पोटॅशियम आठशे वीसच्या घरात जाते, आणि गंमत अशी की त्यांतले साडेतीनशे एकट्या पंचवीस ग्रॅम डाळीचे असते. दुधीचे दीडशे. दुपारी चारला एक लहान सफरचंद, मूठभर मुरमुरे आणि अर्धा कप चहा. हे सगळे मिळून दोनशेच्या आत. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात ज्वारीची एक मध्यम भाकरी, दोडक्याची भाजी, थोडा भात आणि चमचाभर बेसन लावलेली ताकाची कढी. पोटॅशियम चारशे ऐंशी. बेरीज सतराशेच्या आसपास. मसाले, कोथिंबीर, लिंबू यांचे शंभर धरले तरी अठराशे. फॉस्फरस नऊशेच्या थोडे आत आणि प्रथिने 42 ग्रॅम. आहारतज्ज्ञांनी वही पाहून प्रथिने याहून कमी होऊ देऊ नका, एवढेच सांगितले.

या हिशेबात तूप आणि तेल दिसत नाही, कारण त्यांत पोटॅशियम नाही आणि फॉस्फरसही नाही. परंतु ते पानात हवे. पथ्य म्हणताच घरोघरी प्रथम तूप बंद होते. भात-भाकरीही कमी होते. मग शरीराला लागणारी ऊर्जा मिळत नाही आणि ते स्वतःचे स्नायू जाळू लागते. त्यामुळे रक्तातील टाकाऊ द्रव्ये वाढतात आणि माणूसही सुकतो. सौ.च्या फुलक्यांना तूप पूर्वीइतकेच लागते. महिन्याला वजन मात्र करतो. ते घसरू लागले, तर पथ्य जास्त झाले असे समजायचे.

आता कच्च्या केळ्याकडे वळतो, कारण ते कायमचे सोडावे लागले नाही. पोटॅशियम भाजीच्या पेशींतील रसात विरघळलेले असते. पेशी उष्णतेने फुटल्या की ते भोवतालच्या पाण्यात उतरते. म्हणून कृती अशी : केळे सोलून त्याचे अगदी लहान तुकडे करायचे, किंवा सरळ किसायचे; मोठ्या पातेल्यात तुकड्यांच्या निदान पाचपट पाणी उकळत ठेवून त्यात ते टाकायचे; दहा मिनिटे झाकण न ठेवता खळखळू द्यायचे; पाणी ओतून टाकायचे; मग फोडणी. तुकडे जितके बारीक आणि पाणी जितके जास्त, तितके अधिक उतरते. 2008 साली अमेरिकेत बटाट्यावर झालेल्या प्रयोगात चौकोनी तुकडे उकळल्यावर सुमारे निम्मे पोटॅशियम गेले, किसून उकळल्यावर पाऊण भाग गेले. नुसते पाण्यात भिजत ठेवल्याने मात्र फारसे काहीच गेले नाही. रात्रभर भिजवण्याचा जो सल्ला सर्वत्र ऐकू येतो, तो एकटा पुरेसा नाही हे यावरून कळते. आणि कुकरमध्ये वाटीभर पाण्यात शिजवून तेच पाणी भाजीत जिरवले, तर सगळे ताटातच राहते.

हे पाणी ओतून देणे सौ.ला आरंभी जड गेले. आयुष्यभर भाजीचे पाणी आमटीत घालून वापरलेली बाई! त्या पाण्यात ब आणि क जीवनसत्त्वांचाही काही भाग जातो, हे खरे. म्हणून प्रत्येक भाजी उकळून पाणी टाकायचे नाही. दुधी, दोडका, पडवळ, तोंडली यांना त्याची गरज नाही. त्यांत मुळात पोटॅशियम बेताचे असते. गवार, पालक आणि कच्चे केळे यांनाच हा संस्कार. तूरडाळही दोन तास भिजवून, पाणी बदलून, भरपूर पाण्यात एक उकळी काढून ते पाणी फेकतो आणि मग कुकरला लावतो. तिच्यातून नेमके किती पोटॅशियम कमी झाले ते घरी मोजता येत नाही. म्हणून वहीत मी डाळीचे सगळे साडेतीनशे धरतो. जी वसुली खात्रीची नाही ती जमेला धरायची नाही, ही जुनी सवय.

फॉस्फरसचा न्याय निराळा आहे. पोटॅशियम किती खाल्ले हे पाहावे लागते. फॉस्फरस कोणत्या रूपात खाल्ला हेही पाहावे लागते. धान्य आणि डाळीतील बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात बांधलेला असतो आणि माणसाच्या आतड्यात ते सोडवण्याचे साधन नाही. त्यामुळे निम्म्याहून कमीच अंगी लागतो. दुधातला त्याहून अधिक शोषला जातो. आणि कारखान्यात पदार्थ टिकवण्यासाठी किंवा मऊ राहण्यासाठी जे फॉस्फेटचे क्षार घालतात, ते जवळजवळ पूर्ण शोषले जातात. म्हणजे कोष्टकात डाळीचा आकडा मोठा दिसतो म्हणून वाटीभर वरण बंद करणे आणि नातवाबरोबर चीजची चकती खाणे, हा उलटा व्यवहार होईल. वरण प्रथिनांसाठी हवेच आहे. दूध-दही मिळून दिवसाला पाव लिटर, हे आमचे प्रमाण; खवा, पेढे, बासुंदी म्हणजे हेच दूध आटवलेले, त्यामुळे तेथे हात आखडता. आणि पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायची. आयएनएस 338 ते 341, आणि 450 ते 452, हे क्रमांक दिसले की ते फॉस्फेट आहे असे समजावे. चीज, झटपट नूडल्स, काळी शीतपेये यांवर ते सापडतात. चाकणहून कामावरून परतताना आमचे चिरंजीव असे काही आणत असत. हल्ली पाकीट उलटे करून पाहतात.

येथे मिठाविषयी सांगितलेच पाहिजे, कारण यात जिवाशी गाठ आहे. रक्तदाबाच्या माणसाला भेट म्हणून एका नातेवाइकांनी 'कमी सोडियमचे' मीठ आणून दिले. हेतू चांगला होता. परंतु अशा मिठात सोडियम कमी करण्यासाठी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. निरोगी माणसाला ते उपकारक असेल. पोटॅशियम वाढलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते चमच्याचमच्याने अपाय करते. ते आम्ही स्वयंपाकघरात येऊ दिले नाही. सैंधवाविषयीही भ्रम आहे; ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, तेव्हा चमचा त्याचाही मोजायचा. शहाळ्याचे पाणी हा तसाच दुसरा 'पौष्टिक' धोका. एका शहाळ्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असते. आषाढीच्या आधी माउलींची पालखी आळंदीहून निघून दिघीवरून पुण्याकडे जाते, त्या दिवशी रस्त्यावर केळी आणि शहाळी उदंड असतात; सौ. आता हातात सफरचंद घेऊन उभी राहते.

खरी कसोटी तिथींच्या दिवशी लागली. अष्टमी-चतुर्दशीला आमच्याकडे हिरवी भाजी नसते. मग सकाळी मुगाची उसळ, दुपारी वरण, संध्याकाळी चण्याची डाळ किंवा पिठले, जोडीला पापड आणि खाकरा असा बेत ठरलेला. दुधी-दोडक्याची जागा कडधान्ये घेतात. मुगाच्या पन्नास ग्रॅमला पोटॅशियम सहाशेच्या वर. तिन्ही वेळा डाळ झाली की दिवसाची बेरीज दोन हजार ओलांडून जाते, आणि पापडखार व मीठ यांचे सोडियम वेगळे. भाजी नाही म्हणून तो दिवस पथ्याचा, ही समजूत वहीत टिकली नाही.

उपाय पुष्कळ शोधावा लागला नाही. तिथीला डाळ एकदाच, दुपारी. सकाळी शेवयांचा उपमा. संध्याकाळी तांदळाच्या पिठाची ताकातली उकड, फोडणीला मिरची-हिंग, वरून तूप. तांदळात पोटॅशियम शंभर ग्रॅमला शंभरच्या आसपास, म्हणजे डाळीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पापड भाजून चतकोर. तिथीची मर्यादा तशीच राहिली आणि बेरीज सोळाशेत बसली.

त्याहून नाजूक प्रश्न ओळीचा होता. सौ. अनेक वर्षे चैत्र आणि आश्विनातील आयंबिलाची ओळी करते, आणि तीही वर्णाप्रमाणे : पहिल्या दिवशी तांदूळ, दुसऱ्या दिवशी गहू, तिसऱ्या दिवशी चणे, चौथ्या दिवशी मूग, पाचव्या दिवशी उडीद, आणि शेवटचे चार दिवस पुन्हा तांदूळ. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, हिरवी भाजी, फळ काहीच नसल्यामुळे तांदळाच्या आणि गव्हाच्या दिवशी पोटॅशियम आपोआप कमी राहते, फॉस्फरसही. अडचण मधल्या तीन दिवसांची. एकाच वेळी बसून पोट भरायचे आणि तेही केवळ कडधान्याने; दीडशे ग्रॅम उडीद किंवा मूग पोटात गेले, तर त्या एका बैठकीतच दोन हजारांच्या जवळपास पोटॅशियम जाते.

"अहो, तुम्ही वही मिटा, मी डॉक्टरांनाच विचारते," ती म्हणाली, आणि विचारले. डॉक्टर जैन नव्हते; त्यांनी ओळी म्हणजे काय ते नीट समजून घेतले. त्यांनी ओळी करू नका असे म्हटले नाही. मधल्या तीन दिवसांचा वर्ण सोडून नऊही दिवस तांदळाचे आयंबिल, सोबत थोडीशी मुगाची डाळ उकळून पाणी काढलेली. उकळलेले पाणी दिवसा पुरेसे. गोळीची वेळ बैठकीला जोडून. आणि चक्कर आली किंवा रक्तदाब उतरला तर तेथेच थांबायचे, अशी त्यांची परवानगी होती. तूप-तेल नसल्याने ऊर्जा कमी पडणार, म्हणून नऊ दिवसांच्या पलीकडे ती लांबवायची नाही. पाण्याशिवायचा उपवास मात्र त्यांनी स्पष्टपणे नाकारला. शरीरातील पाणी घटले की आधीच दुर्बल असलेल्या मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचते आणि गाळणक्षमता अचानक ढासळू शकते. सौ.ने महासतीजींपुढे आपली अडचण ठेवली, आणि वर्णाची ओळी न करता तांदळाच्या आयंबिलांचे पच्चक्खाण घेतले.

आश्विनाची ओळी झाल्यावर चौथ्या दिवशी रक्त तपासले. पोटॅशियम 4.8, फॉस्फरस 3.9, क्रिएटिनिन 1.3 च. गाळणक्षमता आहाराने वाढली नाही आणि वाढेल असे कोणी सांगितलेही नव्हते; ती आहे तेथे धरून ठेवण्याचे काम रक्तदाबाची गोळी, मिठाचा चमचा आणि वेदनाशामक गोळ्यांपासून दूर राहणे यांचे आहे. ताटाचे काम पोटॅशियम मर्यादेत ठेवण्याचे होते. बद्धकोष्ठाची मात्र नवीन तक्रार उद्भवली होती, कारण फळे कमी झाली होती. आणि पोटॅशियमचा काही भाग शौचावाटेही जातो, तेव्हा ती तक्रार साधी नव्हती. आहारतज्ज्ञांनी सफरचंदाबरोबर सकाळी पपईची एक लहान फोड वाढवली आणि भातातला थोडा हिस्सा ज्वारीला दिला. पोटॅशियमची बेरीज शंभर-सव्वाशेने वाढली, ती मर्यादेत बसते.

रोजची वही आता बंद आहे. हातालाच माप आले आहे. तिथीच्या आदल्या संध्याकाळी आणि लग्नसमारंभाच्या दिवशी तेवढी ती उघडते. जेवणावळीत सौ. भात, कढी, पुरी आणि दुधीची भाजी घेते. काजूच्या रश्श्याची आणि रसमलाईची वाटी माझ्या पानात येते. पुढची तपासणी चैत्रातील ओळीच्या आधी आठ दिवस करायची आहे, म्हणजे 5 च्या वर काही आढळले तर मुगाच्या डाळीचा प्रश्न डॉक्टरांपुढे पुन्हा ठेवता येईल.